दुखत नसताना अक्कलदाढ का काढायची, आणि काढल्यावरचा पहिला आठवडा

प्रश्न : मी इंदूरला सुदामा नगरात राहते, वय २३. डाव्या बाजूची खालची अक्कलदाढ अर्धीच वर आली आहे. आठ महिन्यांत तीनदा हिरडी सुजली. दर वेळी पाच दिवस गोळ्या घेतल्या की बसते. आत्ता काहीच दुखत नाहीये, पण डेंटिस्ट म्हणतात काढून टाका. आई म्हणते, दुखत नाही तर उगाच हाड कशाला कोरून घ्यायचं? सहा आठवड्यांनी माझी परीक्षा आहे. काढू का, आणि काढली तर किती दिवस जातील?

काढून घ्या, आणि या शांत दिवसांतच घ्या. तुमचा एक्स-रे मी पाहिलेला नाही, तेव्हा शेवटचा शब्द तो हातात असलेल्या डॉक्टरांचाच. पण ओरल सर्जन म्हणून गेली बावीस वर्षं इंदुरातच काम करते आहे, आणि तुम्ही सांगितलंत तसं दुखणं माझ्याकडे आठवड्याला दोन-तीनदा तरी येतं. आईंची शंका मात्र रास्त आहे. दुखत नसलेली प्रत्येक अक्कलदाढ काढायची नसतेच. तुमची का काढायची, ते आधी सांगते.

आपल्या खालच्या जबड्यात सातव्या दाढेच्या, म्हणजे पुढच्या मधल्या दातापासून मोजत गेलं की सातव्या येणाऱ्या दाढेच्या मागे हाड कानाच्या दिशेला वर वळतं. अक्कलदाढ सगळ्यात शेवटी, साधारण सतरा ते पंचविसाव्या वर्षांत येते. तोवर तिथे जागा उरलेली नसेल तर ती सरळ वर न येता पुढे कलते आणि सातव्या दाढेच्या पाठीला डोकं टेकून अडकून बसते. तिचा पुढचा कोपरा तोंडात दिसतो, मागचा अर्धा भाग हिरडीच्या पदराखाली राहतो. पदर आणि दाढ यांच्यामध्ये एक खिसा तयार होतो. त्यात ब्रश पोचत नाही, चूळ भरली तरी पाणी आत खेळत नाही. शेवेचा चुरा मात्र बरोबर पोचतो. सकाळी पोह्यांवर शेव, संध्याकाळी चहाबरोबर शेव, असं आपलं गाव. त्या खिशात बारीक सिरिंजने सलाईन सोडलं की कित्येकदा पिवळसर, मऊ पडलेला बेसनाचा गाळ बाहेर येतो, आणि त्याच्या वासावरून तो आत किती दिवस होता याचा अंदाज येतो. हवा न लागता वाढणारे जंतू अशा जागी पोसतात. हिरडी फुगते, फुगलेल्या हिरडीवर वरची दाढ चावते, त्याने ती आणखी फुगते. याला आम्ही पेरिकोरोनायटिस म्हणतो.

गोळ्यांनी हे बसतं, कारण जंतूंची संख्या कमी होते. खिसा मात्र होता तसाच राहतो आणि पुन्हा भरतो. म्हणून तीनदा सूज आली आणि तीनदा बसली, याचा अर्थ तीनदा बरं वाटलं, एवढाच. खरं तर सूज आलेली असताना पहिला उपाय गोळी नाहीच. तो खिसा सलाईनने धुऊन काढायचा, वरची दाढ टोचत असेल तर तिचा टोकदार भाग घासून द्यायचा, आणि घरी कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा. ताप आला, तोंड उघडेनासं झालं, गालावर किंवा जबड्याखाली सूज पसरली, तर अँटिबायोटिक लागतं. एरवी नुसत्या हिरडीच्या सुजेवर दर वेळी मेडिकलमधून पाच दिवसांचा पत्ता आणून घेणं हे उपचाराच्या नावाखाली दुखणं लांबवणं आहे. काही जण विचारतात, नुसता तो पदर कापून टाकला तर? दाढ सरळ उभी असेल आणि मागे जागा असेल, तर चालतं. कललेल्या दाढेवर पदर काही महिन्यांत पुन्हा वाढतो.

आता आईंच्या प्रश्नाचं उत्तर. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० साली स्पष्ट सांगितलं की ज्या अडकलेल्या अक्कलदाढेला काही रोग नाही, ती केवळ पुढे त्रास देईल या भीतीने काढू नये. हिरडी एकदाच सुजली आणि ती सूज फार तीव्र नसेल, तरी काढू नये. दुसऱ्यांदा किंवा त्याहून जास्त वेळा सुजली, तर काढण्याचा विचार करावा. तुमचं तीनदा झालंय. याशिवाय दाढेला भरता न येण्याजोगी कीड, पू, दाढेभोवती वाढणारी गाठ, शेजारच्या दाढेचं मूळ झिजणं, ही काढण्याची कारणं. पूर्णपणे हाडात झोपलेली, तोंडात अजिबात न उघडलेली, एक्स-रेवर भोवती काही नसलेली दाढ मी स्वतः काढत नाही. वर्षा-दोन वर्षांनी एक्स-रे बघून तिच्यावर नजर ठेवते. आणि पुढचे दात वाकडे होतील म्हणून अक्कलदाढ काढा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्या समजाला आधार नाही.

काढण्याची भीती घालणारी माणसं भेटतात, न काढण्याची किंमत सांगणारं मात्र कुणी भेटत नाही. ती किंमत सातव्या दाढेला मोजावी लागते. कललेल्या अक्कलदाढेचं डोकं जिथे सातव्या दाढेला टेकतं, त्या फटीत अन्न अडकून सातव्या दाढेच्या पाठीला, हिरडीच्या खाली कीड लागते. ती बाहेरून दिसत नाही आणि बराच काळ दुखतही नाही. ब्रिटनमध्ये नंतर वय वाढलेले, सातव्या दाढेची अशी कीड घेऊन आलेले रुग्ण दिसू लागले, आणि त्या जुन्या नियमावर तिथले डॉक्टर आजही वाद घालतात. अक्कलदाढ गेली तर चावण्यात फरक पडत नाही. सातवी दाढ गेली तर पडतो.

एका रुग्णाची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं सगळं डोळ्यांपुढे येईल. रामबागेतला सव्वीस वर्षांचा मुलगा, एका ऑफिसात हिशेबाचं काम करायचा. दाढ उजवी खालची, तुमच्यासारखीच पुढे कललेली. पहिल्यांदा सुजली दिवाळीत. दुसऱ्यांदा संक्रांतीला, तिळगुळाचे तीळ पदराखाली गेले तेव्हा. दोन्ही वेळा मेडिकलमधून गोळ्या. तिसऱ्यांदा रंगपंचमीला. गेरची मिरवणूक बघून घरी आला आणि रात्री तोंड उघडेना. माझ्याकडे आला तेव्हा ताप होता, कानाखालपर्यंत गाल ताठ, आणि दोन दातांमधून माझं एकच बोट कसंबसं आत जात होतं. एरवी स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये मावायला हवीत.

त्या दिवशी मी दाढ काढली नाही, म्हणून त्याची आई जरा नाराज झाली. पण सुजलेल्या जागी बधिर करायचं इंजेक्शन नीट लागू पडत नाही. तिथला स्राव आम्लधर्मी झालेला असतो, औषध आतल्या शिरेपर्यंत पुरेसं पोचत नाही. त्यात तोंड उघडत नसताना मागच्या कोपऱ्यात काम करायचं म्हणजे माझा हात आणि रुग्णाचा ओठ दोन्ही अडचणीत. जितकं उघडलं तेवढ्यात खिसा धुतला, अँटिबायोटिक दिलं, दोन दिवसांनी पुन्हा धुतला, आणि दोन आठवड्यांनंतरची तारीख दिली. दहाव्या दिवशी त्याचा फोन आला, "मॅडम, आता तर काहीच दुखत नाहीये, येऊ का नको?" तुमचाच प्रश्न. मी म्हटलं, त्यासाठीच तर थांबलो होतो.

काढण्याआधी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढायचाच. त्यात दाढेचा कल दिसतो, मुळांचा आकार दिसतो आणि खालच्या ओठाला संवेदना देणाऱ्या शिरेची नळी दिसते. ही शीर जबड्याच्या हाडातून जाते आणि कधीकधी अक्कलदाढेच्या मुळांना अगदी खेटून असते. नळीची पांढरी रेघ मुळापाशी तुटलेली दिसली, नळी अचानक वळलेली दिसली, किंवा मुळावर काळपट पट्टा दिसला, तर सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन करून घ्यावा लागतो. शिरेला धक्का लागला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहते. बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतं, अगदी थोड्यांचं कायम राहतं. जिभेच्या शिरेचंही तसंच. धोका जास्त दिसला तर मुळं आत ठेवून फक्त वरचा भाग कापून काढण्याचा पर्याय असतो. हे सगळं तुमच्या डॉक्टरांना तोंडावर विचारा : माझी मुळं नळीपासून किती दूर आहेत? एक्स-रे उजेडावर धरून दाखवायला सांगा. हा प्रश्न विचारला म्हणून कुठलाही चांगला सर्जन रागावत नाही. वय २३ ही तुमची जमेची बाजू. या वयात हाड मऊ असतं, जखम लवकर भरते. पस्तिशी-चाळिशीनंतर तीच दाढ काढायला जास्त हाड कोरावं लागतं आणि बरं व्हायलाही जास्त दिवस लागतात.

काढण्याचं काम साधारण अर्धा ते पाऊण तास चालतं. लिग्नोकेनने जबड्याची ती बाजू बधिर करतात. ओठ जाड वाटायला लागला की बधिरपणा आला, असं समजायचं. दुखत नाही, पण दाब जाणवतो, हाड कोरणाऱ्या ड्रिलच्या घरघरीचा आवाज कवटीत घुमतो, आणि हे आधी माहीत नसलं की माणूस घाबरतो. हिरडी बाजूला करून दाढेभोवतीचं थोडं हाड कोरतात, वरून सलाईनची धार चालू असते. मग दाढ अख्खी न ओढता तिचे तुकडे करतात, कारण कललेल्या दाढेचं डोकं सातव्याच्या खांद्याखाली अडकलेलं असतं. रामबागेच्या मुलाच्या दाढेचा पुढचा तुकडा निघाला तेव्हा सातवीची पाठ पहिल्यांदा उघडी झाली, आणि तिथे मसुराच्या दाण्याएवढा तपकिरी, मऊ खड्डा होता. अजून वर्षभर थांबला असता तर ती कीड दाढेच्या आतल्या शिरेपर्यंत गेली असती. महिन्याभराने त्याच्या डेंटिस्टने तो भरला. शेवटी जखम धुऊन दोन-तीन टाके घालतात.

आता आठवडा. इथे एक गोष्ट धरून चाला : सूज आणि दुखणं तिसऱ्या दिवसापर्यंत वाढू शकतं, आणि तिसऱ्या दिवसानंतर ते उतरायलाच हवं. किती दुखतंय यापेक्षा कालच्यापेक्षा जास्त की कमी, हे बघत राहायचं.

पहिला दिवस रक्ताच्या गाठीचा. जिथून दाढ निघाली त्या खड्ड्यात रक्त साकळून गाठ बसते, आणि पुढचं सगळं भरून येणं त्या गाठीवर उभं राहतं. गॉजचा बोळा तासभर घट्ट चावून धरायचा. बोलायचं नाही, दर पाच मिनिटांनी काढून बघायचंही नाही. लाळ गिळायची, थुंकायची नाही. थुंकताना आणि स्ट्रॉने ओढताना तोंडात जी ओढ तयार होते, ती ती गाठ उचलते. चोवीस तास चूळ भरायची नाही, गरम काही प्यायचं नाही. लाळेत गुलाबी-लालसर रंग दुसऱ्या दिवशीपर्यंत दिसतो. एक थेंब रक्त वाटीभर लाळ रंगवतं, त्याला घाबरू नका. तोंड भरून ताजं रक्त येत राहिलं, तर नवा गॉज अर्धा तास घट्ट चावून बसा. तरी थांबलं नाही, तर डॉक्टरांना फोन. बाहेरून गालावर बर्फ, पातळ फडक्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, तेवढाच वेळ काढायचा, आणि असं पहिल्या दिवसभर. आपल्याकडे सुजेवर शेक द्यायची सवय आहे. पहिल्या दिवशी गरम शेक दिला तर सूज आणि रक्तस्राव दोन्ही वाढतात. लवंग किंवा लवंगेचं तेल जखमेवर अजिबात नको, त्याने उघडी हिरडी भाजते.

दुखण्याची पहिली गोळी बधिरपणा उतरायच्या आधी घ्यायची असते. बधिरपणा तीन-चार तासांत उतरतो, आणि सगळ्यात वाईट ठणका त्यानंतरच्या काही तासांत. दुखायला लागल्यावर गोळी घेतली तर तिला काम करायला वेळ लागतो, आणि तो मधला तास फार लांब वाटतो. बहुधा आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र किंवा आलटून पालटून देतात. अ‍ॅसिडिटी, दमा, किडनीचा त्रास असेल तर हे आधी सांगा, तेव्हा गोळी बदलावी लागते. रिकाम्या पोटी घेऊ नका. मेट्रोनिडाझोल दिलं असेल तर त्या दिवसांत दारू नको. झोपताना उशा दोन. ओठ बधिर असेपर्यंत काही चावायचं नाही. माणूस स्वतःचा ओठ चावून बसतो आणि त्याला कळतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघून मुलं घाबरून फोन करतात. गाल भरलेला, डोळ्याखालपर्यंत ताण, तोंड दीड बोटही उघडत नाही. सूज दुसऱ्या ते तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. ती पू झाल्याची सूज नव्हे, हाड आणि स्नायूंना झालेल्या श्रमाची आहे. चोवीस तास झाले की चुळा सुरू : पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर आणि झोपताना. जोरात खळखळायचं नाही, पाणी तोंडात घेऊन मान कलती करायची आणि पाणी आपोआप पडू द्यायचं. बाकीचे दात मऊ ब्रशने घासायचे. पुष्कळ जण भीतीने आठवडाभर ब्रशच करत नाहीत, आणि मग वास येतो, हिरडी लाल होते, दोष मात्र जखमेला जातो. दुसऱ्या दिवसापासून गालाला बाहेरून कोमट शेक चालतो.

खाण्याचं म्हणाल तर पहिल्या दोन दिवसांत गार आणि मऊ : दही-भात, गार केलेलं दूध, केळं, आइस्क्रीम चमच्याने. तिसऱ्या दिवसापासून कोमट वरण-भात, मऊ खिचडी, रव्याची खीर. आमटीला मोहरीची फोडणी नको, खसखस नको, तीळ नको, कारण बारीक दाणे खड्ड्यात बसतात. शेव पंधरा दिवस विसरायची. पोहे चालतील, पण साधे, नीट भिजवलेले, शेव आणि शेंगदाणे न घालता. आमच्याकडे येणाऱ्यांना मी हे दोनदा सांगते, कारण इंदुरात पोहे म्हटलं की शेव हात आपोआप टाकतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी जखमेवर पांढरट-पिवळसर साय दिसते. ती पू समजून बरेच जण कापसाने पुसायला जातात. ती बऱ्या होणाऱ्या जखमेची साय आहे, तिला हात लावायचा नाही. गोऱ्या कातडीवर गालाखाली आणि मानेवर पिवळा-हिरवा डाग उतरलेला दिसतो, तो आठवड्याभरात जातो. तोंड उघडण्याचा व्यायाम इथून सुरू करायचा : दातांत स्वतःची बोटं धरून, दुखेल तिथे थांबून, दिवसातून पाच-सहा वेळा. नुसतं वाट बघत बसलं तर दातखीळ लांबते.

हाच तो दिवस, जेव्हा रामबागेच्या मुलाचं बिघडलं. तिसऱ्या दिवशी त्याला बरं वाटलं. ऑफिसात गेला आणि दुपारी सवयीने तंबाखूची पुडी तोंडात टाकली. अगदी दुसऱ्या बाजूला, असं त्याने मला नंतर सांगितलं. चौथ्या दिवशी रात्री ठणका परतला. जबड्यातून कानात, कानातून कपाळात. गोळी घेतली की दोन तास, मग पुन्हा. तोंडाला वास, जिभेला कडवट चव. ताप नाही, सूज नाही. पाचव्या दिवशी सकाळी बघितलं तर खड्डा रिकामा. गडद लाल गाठीच्या जागी उघडं, फिकट हाड. याला ड्राय सॉकेट म्हणतात. रक्ताची गाठ विरघळून किंवा निघून गेली की हाड उघडं पडतं, आणि ते दुखणं नुसत्या गोळ्यांना दाद देत नाही. अँटिबायोटिकचाही उपयोग नसतो. त्याचा खड्डा सलाईनने धुतला आणि युजेनॉलचं औषध लावलेली पट्टी आत ठेवली. खुर्चीतच दहा मिनिटांत त्याने खांदे सोडले. एक दिवसाआड अशा तीन पट्ट्या झाल्या आणि आठवड्याने पूर्ण सुटला. इथली पट्टी वेळच्या वेळी बदलावी लागते, ती आत विसरून चालत नाही.

म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटून मग दुखणं पुन्हा चढायला लागलं, की गोळी वाढवत बसू नका, सरळ खुर्चीत जा. तुमच्यासाठी एक जास्तीची गोष्ट : गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर ड्राय सॉकेटचा धोका वाढतो. हे सर्जनला आधी सांगा, तारीख त्याप्रमाणे धरता येते. आणि घरात कुणी मशेरी लावायला सुचवलं, तर नको. त्या आठवड्यात तंबाखू कुठल्याच रूपात नको.

ड्राय सॉकेट त्रासदायक आहे, पण जिवावर येत नाही. जंतुसंसर्ग पसरला तर येऊ शकतं. तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढली, थंडी वाजून ताप आला, गिळायला त्रास होऊ लागला, जिभेखाली किंवा हनुवटीखाली फुगलं, आवाज बदलला, श्वास घ्यायला ताठ उठून बसावं लागलं, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. जबड्याखालची सूज मानेत उतरली की श्वासनलिकेवर दाब येतो, आणि तिथे तास महत्त्वाचे असतात. ओठ दुसऱ्या दिवशी सकाळीही बधिर असेल, तर हे घाईचं नसलं तरी त्याच दिवशी कळवायचं. किती भाग बधिर आहे याची नोंद सुरुवातीलाच झाली पाहिजे.

पाचव्या-सहाव्या दिवशी गाल बहुतेक पूर्ववत झालेला असतो, तोंड दोन बोटं उघडतं, गोळी एखादीच लागते. सातव्या दिवशी टाके निघतात, पाच मिनिटांचं काम, चिमटा काढल्याइतकंच दुखतं. टाके निघाले म्हणजे खड्डा भरला असं नाही. तो तीन-चार आठवडे अन्न धरून ठेवतो. आम्ही त्या दिवशी एक वाकड्या टोकाची सिरिंज देतो, जेवणानंतर तिने कोमट पाण्याची हलकी धार आत सोडायची. आतलं हाड भरायला काही महिने लागतात, ते तुम्हाला जाणवत नाही.

तुमच्या परीक्षेचा हिशेब असा. या दोन आठवड्यांत तारीख घेतलीत, तर परीक्षेला चार आठवडे उरतात. पहिले दोन दिवस पुस्तक हातात धरवणार नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसून वाचता येतं, सातव्यापासून रोजच्यासारखं. ड्राय सॉकेट झालं तरी आणखी आठवडा धरा, तो या चार आठवड्यांत बसतो. परीक्षेच्या आधीच्या दहा दिवसांत मात्र काढायला जाऊ नका. आणि पुढे ढकलायचं असेल, तर परीक्षेनंतर लगेच, पण आठ महिन्यांत तीनदा सुजलेली दाढ तेवढे सहा आठवडे गप्प राहीलच, असं मी धरून चालणार नाही. रात्रीचं जागरण आणि अर्धवट जेवण, या दोन्हींत ती हमखास उठते. शक्य असेल तर आईंना सोबत घेऊन जा. डॉक्टरांनी ओपीजी त्यांच्यासमोर उजेडावर धरला, आणि कललेल्या दाढेचं डोकं सातव्याच्या पाठीत कुठे रुतलंय ते बोटाने दाखवलं, की त्यांना वेगळं समजवावं लागणार नाही.